माझ्या लग्नासाठी रजा मिळणेबाबत

माझी लेक सातवीत आहे आणि तिच्या मते मला काहीच येत नाही. परवा संध्याकाळी ती पत्रलेखनाची वही घेऊन चुलीपाशी बसली होती. रजेचा अर्ज लिहायचा होता. मी भाकरी थापता थापता म्हणलं, पत्ता वर उजव्या कोपऱ्यात लिही. तर म्हणे, "माय, ते जुनं झालं. आता सगळं डावीकडूनच लिहायचं असतं. खाली ईमेल पण टाकायचा." घ्या. आमच्या वेळी पत्ता डावीकडं गेला की अर्धा मार्क जायचा, आता उजवीकडं गेला की जातो. मार्क जायचा तो जातोच.

मग तिनं वाचून दाखवलं. "माझ्या मोठ्या बहिणीचा विवाह असल्यामुळे मला शाळेत उपस्थित राहता येणार नाही." मी म्हणलं, "तुला कुठली गं मोठी बहीण?"

"माय, ते परीक्षेपुरतं असतं."

"दुसरं कारण लिही. ताप लिही."

"ताप सगळेच लिहितात."

"लिहू दे. ताप आलेला बरा," मी म्हणलं, आणि माझा आवाज चढला असणार, कारण तिनं वहीतून डोकं वर काढून माझ्याकडं बघितलं. मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्याजोगी गोष्ट असती तर आजवर सांगितली असती की. पण ती झोपल्यावर मला वाटलं, निदान कागदावर तरी एकदा खरं खरं लिहून काढावं. कागदावर खरं लिहायचा माझा अनुभव काही चांगला नाही, तरी पण.

आमची शाळा जिंतूरच्या अलीकडं, सडकेला लागून होती. चार-पाच खेड्यांतली पोरं यायची, कुणी यष्टीनं, कुणी पायी. आम्हाला दहावीला मराठी शिकवायला जे सर होते ते त्याच वर्षी बदलून आले होते. राग त्यांच्या नाकावर असायचा, पण शिकवणं चोख. त्यांचं एक ठाम मत होतं. खेड्यातल्या पोरांना निबंधात मार्क मिळत नाहीत, कारण पोरं पुस्तकी बोलत नाहीत. पण पत्रात मिळू शकतात, कारण पत्राला साचा असतो. साचा पाठ करा, मार्क घ्या. म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यातच फर्मान काढलं की इथून पुढं कुणालाही खरीखुरी रजा पाहिजे असली तरी अर्ज परीक्षेत लिहितो तसाच लिहायचा. प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला आज्ञाधारक विद्यार्थी. तो आधी सरांकडं आणायचा. सर लाल पेनानं चुका काढणार, पाचपैकी मार्क देणार, चूक असली तर फेअर करून आणायला लावणार, खाली आपली सही करणार, आणि मग तो कागद शिपाईमामा हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवणार.

सुरुवातीला लय मजा यायची. परीक्षेत स्वतःचं नाव लिहायचं नसतं, अ. ब. क. लिहायचं असतं, ते सरांनी आमच्या डोक्यात एवढं घट्ट बसवलं होतं की एका पोरानं खऱ्या अर्जाखाली पण अ. ब. क. लिहिलं. तो खरंच तापानं फणफणलेला होता बिचारा. सरांच्या नजरेतून ते सुटलं, हेडसरांनी पण बघितलं नाही आणि मंजूर म्हणून सही ठोकली. मग हजेरीच्या वेळी सर म्हणाले, "अ. ब. क. रजेवर आहेत, बाकीचे हात वर करा." वर्ग हसून हसून आडवा. दुसरा एक होता, घरात एकुलता एक, त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न त्या वर्षात तीनदा झालं. सर त्याला म्हणाले होते, "बाबा, तुझ्या बहिणीला नांदव जरा." पण मार्क मात्र पुरे दिले, कारण साचा बरोबर होता. त्यात खरं काय आणि खोटं काय, हे बघायचं सरांचं काम नव्हतं. कारणं दोनच असायची, ताप नाहीतर बहिणीचं लग्न. पुस्तकात तेवढीच होती.

हेडसर वेगळे. शांत माणूस, कमी बोलायचा. एकदा प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, कुणाच्या घरी अठराच्या आतल्या पोरीचं लग्न ठरलं असलं तर मला कळवा, कुणाकडून कळलं ते मी फुटू देणार नाही. हे नुसतं बोलणं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी नववीतल्या एका पोरीचं लग्न त्यांनी थांबवलं होतं. ग्रामसेवकाला आणि पोलिसांना घेऊन ते थेट मांडवात गेले होते. ती पोरगी पुन्हा शाळेत येऊन बसली. तिच्या बापाला सगळ्या गावासमोर लिहून द्यावं लागलं, ते पण आम्हाला माहीत होतं.

माझे आय-बाप ऊस तोडायला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची आणि उन्हं तापायला लागली की परत यायची. तोवर मी, धाकटी बहीण आणि भाऊ चुलतीकडं राहायचो. चुलतीनं आमचं काही कमी केलं नाही, दोन घास आपल्या पोरांच्या आधी आम्हाला वाढले. पण त्या वर्षी ती माझ्या बापाला, आबांना, म्हणाली, "भावजी, धाकट्या दोघांचं बघते मी. पण ही आता वयात आली. उद्या काय कमी-जास्त झालं तर तुमाला तोंड काय दाखवू? हिची जिम्मेदारी माझ्याच्यानं होणार न्हाई." तिचं तरी काय चुकलं? सडकेवरून शाळेत जाताना पोरं काय काय बोलायची ते तिला माहीत होतं. मायनं म्हणलं, संगं नेऊ. आबा म्हणाले, कोपीत, त्या शंभर माणसांत, दार नसलेल्या खोपटात? मग राहिलं काय, तर लग्न. सेलूकडचं स्थळ आलं. तो पण तोडीलाच जाणारा. पावणे आले, चहा घेतला, मला नाव विचारलं आणि कितवी शिकली ते विचारलं. मी म्हणलं दहावी चालू हाय. पोराचा मामा म्हणाला, "लय झालं."

लग्न पोराकडं, त्यांच्या गावात करायचं ठरलं, पन्नास-साठ माणसांत. मुहूर्त कुणी काढला नाही. दसरा झाला होता, टोळी दिवाळीच्या आत निघणार होती, त्याआधी उरकायचं. आबा मला म्हणाले, "शनिवारी शाळा सुटायच्या वक्ताला न्यायला येतो. सरांला सांगून ठेव, पावण्याकडं कार्यक्रम हाय म्हणून." एवढंच. लग्न हा शब्द ते माझ्यासमोर उच्चारत नव्हते.

आता कुणी म्हणेल, सरळ जाऊन सांगायचं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं. पोरापोरींनी भरलेल्या वर्गात उभं राहून, सर, माझं लग्न लावायलेत, असं पंधरा-सोळा वर्षांची पोरगी बोलते का? आमच्याकडं तर नाही बोलत. हेडसरांच्या खोलीत पोरींनी एकटं जायची रीत नव्हती. गेली की बाहेर चार जणी विचारायला उभ्या. शाळेच्या भिंतीवर असली लग्नं कळवायचा फोन नंबर रंगवला होता, पण फोन आबांच्या खिशात. आणि तोंडानं सांगायचं म्हणजे बापाची चुगली करायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण अर्ज लिहिणं म्हणजे चुगली नव्हती. शाळेत यायचं नसलं की अर्ज द्यायचा, कारण खरं लिहायचं. हा नियमच होता. मी नियम पाळणार होते. पुढचं हेडसर बघतील. मला वाटलं, हे जगात पहिल्यांदा मलाच सुचलं. रात्रभर मला धीर आला होता त्या विचारानं.

शब्द मी एक पण इकडचा तिकडं केला नाही. साच्यात होता तसाच लिहिला, फक्त खरं कारण घातलं. विषय : माझ्या लग्नासाठी रजा मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या शाळेत इयत्ता दहावी 'अ' या वर्गात शिकत आहे. माझ्या लग्नासाठी मला परगावी जावे लागत असल्यामुळे मी सोमवार ते बुधवार शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी मला रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. या काळात बुडालेला अभ्यास मी भरून काढीन. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी. आणि खाली माझं नाव, पूर्ण. अ. ब. क. नाही.

गुरुवारी मराठीच्या तासाला मी तो सरांच्या टेबलावर ठेवला. सर उभ्याउभ्याच वाचायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सर वाचता वाचता थांबले आणि हसले.

"काय गं, कुणाच्या लग्नाला चाललीस?"

मी कागदाकडं बोट दाखवलं.

"'माझ्या लग्नासाठी' लिहिलंय हिनं," ते वर्गाकडं वळून म्हणाले. "शब्द गाळला की अर्थाचा कसा अनर्थ होतो बघा. पोरीनं स्वतःचंच लग्न लावून टाकलं." वर्ग फुटला. पोरांच्या बाजूनं कुणीतरी पिपाणी वाजवल्यासारखा आवाज काढला. सरांनी लाल पेन काढलं, 'माझ्या' आणि 'लग्नासाठी' यांच्या मधे खाली ती छोटी टोपीसारखी खूण केली, सर तिला काकपद म्हणायचे, आणि वर लिहिलं : मोठ्या बहिणीच्या. विषयात एकदा, मजकुरात एकदा.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "सर, बहीण..."

"हां, बहीणच. तेच राहिलंय ना. फेअर करून आण." आणि कोपऱ्यात पाचपैकी साडेचार मार्क. अर्धा मार्क शब्द गाळल्याबद्दल.

मला मोठी बहीण नाही. थोरली मीच. पण सर त्या जूनमध्ये आलेले, चार गावची पोरं वर्गात, कुणाच्या घरी कोण थोरलं आणि कोण धाकटं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझ्या शेजारी बसणारीला ठाऊक होतं. ती हसली नाही. ती माझ्याकडं एकदा बघून खाली बघायला लागली, आणि तिनं पण कुणाला काही सांगितलं नाही. तिचं स्वतःचं पुढच्या उन्हाळ्यात झालं.

मी पण हट्टी. माझ्या मायनं मला त्यापायी लय बोल लावलेत. मी घरी येऊन अर्ज पुन्हा लिहिला, आणि पुन्हा तसाच लिहिला. माझ्या लग्नासाठी. या वेळेस अक्षर असं घोटून काढलं की गाळलं, चुकून राहिलं, असं म्हणायची सोयच नको. मनात म्हणलं, एकदा चुकतं माणूस, दोनदा तीच चूक होत नाही. सरांना कळंल.

सरांना राग आला. ते शुक्रवारी मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीबाहेर उभे होते, हातात हजेरीचं बुक, घाईत. कागद बघितला आणि त्यांचं टाळकंच सटकलं. "काल भरवर्गात सांगितलं, तरी डोक्यात शिरत नाही? लक्ष कुठं असतं तुझं? बोर्डाच्या पेपरात अशीच चूक केलीस तर काय तपासणारा तुझ्या मोठ्या बहिणीला शोधत येणार आहे?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घातली. सरांना वाटलं असेल रागावल्यामुळं. ते जरा नरमले. म्हणाले, "राहू दे, तिसऱ्यांदा लिहू नकोस." भिंतीला कागद टेकवून त्यांनी निळ्या पेनानं दोन्ही जागी आपल्या हातानं ते शब्द घातले, एवढे नीट बसवले की मीच लिहिलंय असं वाटावं, खाली सही केली आणि कागद शिपाईमामांच्या हातात दिला. मी तो कागद जाताना बघत राहिले. व्हरांड्यातून हेडसरांच्या खोलीपर्यंत लांब नव्हतं. मी पळत जाऊन तो हिसकावून घेऊ शकले असते. पण मग काय सांगणार होते? की सरांनी चूक दुरुस्त केली म्हणून?

माणसं म्हणतात, बोलायचं होतं. अहो, मी बोललेच होते. दोनदा, शुद्ध मराठीत, साच्यात बसवून बोलले होते.

शनिवारी आबा कुणाची तरी फटफटी घेऊन फाटकापाशी उभे होते. धोतर धुतलेलं, टोपी कडक. मी दप्तर घेऊन निघाले आणि नेमके हेडसर पण घरी जायला बाहेर पडले. त्यांनी आम्हाला बघितलं, थांबले, आणि आबांना म्हणाले, "लग्न आहे म्हणे घरी."

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्यांना त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. विळा पायात घुसला तेव्हा सुद्धा नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याची बोटं रुतायला लागली. मला कळलं की त्यांना मांडवातले पोलीस दिसायलेत. आणि त्याच वेळी मला असं पण वाटलं की आता होतंय, आता हेडसर पुढचं विचारतील आणि सगळं थांबेल.

हेडसर म्हणाले, "थोरल्या लेकीचं ना? अर्ज आला होता माझ्याकडं. वय भरलंय ना तिचं? मागून काही कानावर यायला नको."

आबांनी माझ्याकडं बघितलं. एक क्षणच. मग त्यांचा श्वास सुटलेला मला खांद्यावर कळला. "भरलं की, सर," ते म्हणाले. "इसावं सरलं तिला."

"मग ठीक." हेडसर माझ्याकडं वळले. "ताई सासरी गेली की आईला तुझीच मदत. पण अभ्यास बुडवू नकोस. दहावीचं वर्ष आहे. गुरुवारी वर्गात दिसली पाहिजेस."

तिथं मी बोलायचं होतं. त्या जागी मी आजवर किती वेळा जाऊन उभी राहिले आहे, मनातल्या मनात. एकच वाक्य होतं, सर, थोरली मीच हाय. हेडसर ऐकणारे होते. ते थांबवणारे होते. पण मी बोलले असते तर आबा खोटं बोलले हे त्यांच्यासमोर, माझ्या तोंडून ठरलं असतं. लेकीनं बापाला धरून दिलं असतं. कागदावर लिहिताना मला आबा दिसले नव्हते. इथं ते धुतलेल्या धोतरात माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी "हो सर" म्हणलं. आज पण सांगते, मला त्या पोरीचा राग येत नाही. तिची कीव येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यात तोंड दाबणारा हात ओळखीचा असला तर ओरडता पण येत नाही.

नदीच्या पुलावर आबांनी फटफटी हळू केली आणि मान न वळवता म्हणाले, "मला तं वाटलं, आता सगळं फुटलं. बहिणीचं लिव्हलंस, ते बरं केलंस बाई. बापाची इज्जत राखलीस. लय हुशार हाय माझी लेक."

मला त्या वाक्याचं जेवढं दुःख झालं तेवढं लग्नाचं पण झालं नाही. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून रडले. त्यांना वाटलं सासरी जाणारी पोरगी रडतेय, रडू द्यावं.

लग्न झालं. वाईट काही झालं असं सांगता येणार नाही. नवरा मारका नव्हता, सासूनं पहिल्या दिवशी पोळी वाढली. तिसऱ्या दिवशी आम्ही टोळीबरोबर निघालो. सकाळी थंडीत ऊस तोडताना पाचट हाताला कापायचं आणि मला हटकून शाळेची घंटा आठवायची, कारण ती त्याच सुमारास व्हायची. गुरुवार आला तेव्हा मी मोळ्या बांधत होते. शाळेत माझ्या नावापुढं त्या गुरुवारी काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं. बुधवारपर्यंत रजा, पुढं गैरहजर. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामेच असायचे, तोडीला गेली म्हणलं की कुणी पुढं विचारायचं नाही. बोर्डाचा फॉर्म सरांनी आधीच भरून घेतला होता सगळ्यांचा. माझं हॉलतिकीट आलं, ते धाकटीनं मला नंतर सांगितलं. ते कुणी न्यायला आलं नाही म्हणून तसंच पडून राहिलं. मराठीचा पेपर होता त्या दिवशी आम्ही गाडी भरत होतो. मी नवऱ्याला म्हणलं, आज माझा पेपर होता. तो म्हणाला, "कशाचा?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मी म्हणलं, काही नाही, मोळी दे.

आबांचं आणि माझं पुढं कधी त्या अर्जावरून बोलणं झालं नाही. ते गेले तेव्हा पण त्यांच्या मनात हेच होतं की लेकीनं त्यांना सांभाळून घेतलं. असू दे. गेलेल्या माणसाच्या मनातलं काय खोडायचं.

मराठीच्या सरांवर मात्र माझा राग होता. आबांवर येत नव्हता तो सगळा त्यांच्यावर काढत होते मी, ऊस तोडता तोडता. एवढं मराठी शिकवता आणि दोन शब्दांचं मराठी वाचता येत नाही तुम्हाला? मनात लय लय बोलले आहे मी त्यांना. भांडणाची सगळी वाक्यं तयार होती.

आणि मग ते भेटले. माझी ही लेक तेव्हा दोन-अडीच वर्षांची होती. माहेराहून परत निघाले होते, जिंतूरच्या स्टँडवर सेलूची गाडी लागायची वाट बघत होते. उन्हाचं लेकरू किरकिर करत होतं. सर समोरून आले, हातात पिशवी, केस पिकायला लागलेले. मी पदर पुढं ओढला, पण त्यांनी ओळखलं. मास्तर लोक ओळखतात.

"अगं, दहावी अ ना तू? एकदम गायबच झालीस." मग त्यांनी कडेवरच्या लेकराकडं बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "ताईचं का?"

माझ्या तयार वाक्यांतलं एक पण तोंडात आलं नाही. सर एवढे आनंदानं विचारत होते, आणि स्टँडवर एवढी माणसं. मी म्हणलं, "हो सर."

"ताईचं बरं चाललंय ना? तिच्या लग्नालाच रजा घेतली होतीस तू. तुझा तो अर्ज लक्षात आहे माझ्या. दोनदा लिहायला लावला तुला." ते हसले. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला. "मावशीला त्रास देऊ नको बरं."

लेकीनं पुडा दोन्ही हातांनी ओढून बघितला, दातानं बघितला, आणि माझ्या तोंडापुढं धरला. "माय, फोड."

मी पुडा घेतला नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, "माय, फोड ना."

सरांचं हसू तसंच तोंडावर राहिलं थोडा वेळ. त्यांनी लेकीकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीकडं, मग परत लेकीकडं. मी त्यांना हिशोब करताना बघत होते. वर्गात फळ्यापुढं उभे राहून आठवायचे तसेच उभे होते. मागं गाडी लागली, माणसं धावली, कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मी हललेच नाही.

"घरात थोरलं कोण?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा बारीक की मला त्यांच्या ओठांवरूनच कळलं.

"मीच, सर."

त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. पुसला पण नाही. गर्दीचा धक्का लागला तरी ते जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता माफी मागतील, आणि मागितली तर मी काय करू, एवढ्या माणसांत. त्यांनी मागितली नाही.

"अर्ज बरोबर होता तुझा," ते म्हणाले.

मी लेकीच्या हातातला पुडा घेऊन फोडला. "मला माहीत हाय, सर," मी म्हणलं, आणि गाडीत जाऊन बसले.